गोळी बीपीची, ढास घशाची : बंद करू नका, बदलून मागा

मैत्रिणींनो, मागच्या अंकात आपण बीपी कसं मोजायचं ते पाहिलं. तेव्हापासून बऱ्याच गटांमध्ये महिन्याच्या बैठकीला बीपी मोजणं सुरू झालंय. त्या बैठकांमधून एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आहे, म्हणून या वेळचा पाठ त्याच्यावर. प्रश्न असा : "बीपीची गोळी घेतल्यापासून घशात सारखी खवखव होते, कोरडी ढास लागते. मग गोळी बंद करू का?"

याचं उत्तर दोन भागांत आहे. बीपीच्या काही गोळ्यांनी खरंच असा खोकला येतो, हा तुमच्या मनाचा खेळ नाही. पण गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगून ती बदलून घ्यायची. असं का, ते आमच्या ग्रामसंघातल्या एका काकूंच्या अनुभवावरून समजून घेऊ. त्यांनी परवानगी दिली म्हणून लिहिते आहे. नाव मात्र नको म्हणाल्या, म्हणून नुसतं काकूच म्हणू.

काकूंची गोष्ट

काकूंचं वय चौपन्न. शिबिरात बीपी मोजलं तेव्हा १६८/१०० निघालं. दोन दिवसांनी पुन्हा मोजलं तरी तेवढंच. तालुक्याच्या एका डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या : सकाळी रॅमिप्रिल ५ मिलिग्रॅम आणि रात्री अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम. महिन्याभरात बीपी १३२/८४ वर आलं. सगळं छान चाललं होतं.

पण तिसऱ्या आठवड्यापासून घशात खवखव सुरू झाली होती. काकूंच्याच शब्दांत सांगायचं तर, "घशात कोणीतरी मोराचं पीस फिरवतंय असं वाटायचं." कफ नाही, ताप नाही, सर्दी नाही. नुसती कोरडी ढास. रात्री आडवं पडलं की जास्त. बोलता बोलता खोकला यायचा, बैठकीत हिशोब वाचताना मध्येच थांबावं लागायचं.

काकूंनी औषधाच्या दुकानातून खोकल्याची बाटली आणली. ती संपली, दुसरी आणली, मग तिसरी. शेजारणीने सांगितलं म्हणून रोज ज्येष्ठमधाची कांडी चघळायला लागल्या. फरक शून्य. दोन महिने झाले तेव्हा वस्तीत कुजबुज सुरू झाली की यांना टीबी झालाय. सुनेने नातवाला आजीजवळ झोपवायचं बंद केलं. काकू सांगतात, खोकल्यापेक्षा ते जास्त लागलं.

अजून एक त्रास होता, तो त्यांनी कोणालाच सांगितला नव्हता. ढास लागली की लघवीचे थेंब गळायचे. तीन बाळंतपणं झालेली, त्यात सततचा खोकला. लुगडं ओलं होईल या भीतीने त्यांनी बैठकीला यायचंच सोडलं. आम्हाला वाटलं, हप्ता थकलाय म्हणून येत नाहीत!

आशाताईंनी त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन थुंकी तपासून घेतली, छातीचा फोटोही काढला. दोन्ही चांगले आले. टीबी नाही म्हटल्यावर जीव भांड्यात पडला, पण खोकला होता तसाच.

मग एक दिवस कोणीतरी म्हणालं, "ह्या गोळ्याच बाधत असतील." काकूंनी त्याच दिवशी दोन्ही गोळ्या बंद केल्या. दहा दिवस थांबल्या. खोकला थोडा कमी झाल्यासारखा वाटला, पण गेला नाही. त्यांनी मनाशी ठरवलं, "म्हणजे गोळीचा दोष नव्हता." आणि तरीही गोळ्या परत सुरू केल्या नाहीत. अकराव्या दिवशी उपकेंद्रात बीपी मोजलं तर १७६/१०४. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, काहीच नव्हतं. आतून मात्र बीपी पहिल्यापेक्षाही वर गेलं होतं.

काकूंच्या या गोष्टीत तीन-चार चुका आहेत. त्या प्रत्येकीच्या हातून होऊ शकतात. एकेक करून पाहू.

हा खोकला येतो कुठून?

बीपीच्या गोळ्या अनेक जातींच्या असतात. त्यातल्या एका जातीच्या गोळ्यांची नावं 'प्रिल' या शब्दाने संपतात : एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल. कोरडा खोकला येतो तो मुख्यतः या प्रिल जातीच्या गोळ्यांनी.

आपल्या शरीरात एक बारीकशी कात्री आहे असं समजा. ही कात्री दोन कामं करते. पहिलं काम म्हणजे रक्तवाहिन्या आवळणारा एक पदार्थ तयार करून देणं. तो जास्त झाला की वाहिन्या आकसतात आणि बीपी वाढतं. दुसरं काम म्हणजे ब्रॅडिकायनिन नावाच्या पदार्थाचे तुकडे करून तो संपवणं. हा पदार्थ शरीरात सारखा तयार होत असतो आणि कात्री तो साफ करत असते.

प्रिल गोळी या कात्रीची धार बोथट करते. त्यामुळे पहिलं काम थांबतं, वाहिन्या सैल होतात, बीपी उतरतं. तेच आपल्याला हवं असतं. पण त्याबरोबर दुसरं कामही थांबतं. ब्रॅडिकायनिन कापला जात नाही, तो श्वासनलिकेत साठत जातो. तिथल्या खोकल्याच्या नसा त्याने हुळहुळ्या होतात. मग साधं बोललं, गार वारा लागला, फोडणीचा वास आला, आडवं झालं, तरी ढास लागते. घशात काहीच अडकलेलं नसतं, म्हणून कितीही खोकललं तरी काही सुटत नाही.

या गोळ्यांचा शोधच मुळी सापाच्या विषातून लागला आहे. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप असतो. त्याच्या विषात ब्रॅडिकायनिनचा जोर वाढवणारा पदार्थ आहे, हे सर्जिओ फरेरा या ब्राझीलच्या शास्त्रज्ञाने १९६५ साली दाखवलं. त्या धाग्यावरून पुढे कॅप्टोप्रिल ही पहिली प्रिल गोळी तयार झाली. अमेरिकेत तिला १९८१ साली मान्यता मिळाली. घाबरू नका, आजच्या गोळीत विष नसतं, ती कारखान्यात तयार होते. सांगायचं एवढंच की ब्रॅडिकायनिन वाढणं हा या गोळीचा जन्मापासूनचा गुण आहे. खोकला आला म्हणून गोळी बनावट नाही, जुनी नाही, डॉक्टरांनी चुकीची दिली असंही नाही. ती चांगली गोळी आहे, फक्त काही जणांना ती मानवत नाही.

किती जणांना? ढोबळ मानाने प्रिल गोळी घेणाऱ्या शंभर माणसांत दहाएक जणांना हा त्रास होतो. काही पाहण्यांमध्ये हे प्रमाण याहून कमी दिसतं, काहींमध्ये जास्त. पुरुषांपेक्षा आपल्या बायकांमध्ये ते जास्त आहे, हे मात्र वारंवार दिसलं आहे. उरलेल्या नव्वद जणांना काहीच होत नाही. म्हणून जावेला खोकला आला म्हणजे तुम्हाला येईलच असं नाही, आणि तुम्हाला काही त्रास नसेल तर हा लेख वाचून गोळी बदलायला धावू नका.

ओळखायचा कसा?

या खोकल्याची चाल ठरलेली असते. तो कोरडा असतो. घशात गुदगुली, खवखव होऊन ढास लागते. कफ पडत नाही, ताप येत नाही, वजन उतरत नाही, भूक जात नाही. रात्री आणि आडवं पडल्यावर जास्त जाणवतो. आणि महत्त्वाचं म्हणजे तो प्रिल गोळी सुरू झाल्यानंतरच आलेला असतो.

इथेच बहुतेक जणी फसतात. गोळी घेतली आणि लगेच खोकला आला असं दर वेळी होत नाही. कोणाला पहिल्या काही दिवसांतच येतो, बऱ्याच जणींना काही आठवड्यांनी येतो, आणि कोणाला चक्क सहा महिन्यांनी किंवा त्याहूनही उशिरा. "मी ही गोळी चार महिने घेतेय, तेव्हा नाही झालं ते आता कसं होईल?" असं वाटतं, पण होऊ शकतं. म्हणून दोन तारखा लक्षात ठेवायच्या : गोळी कधी सुरू झाली आणि खोकला कधी सुरू झाला. तारीख आठवत नसेल तर सण आठवा. संक्रांतीला गोळी सुरू झाली, होळीला खोकला आला, एवढं सांगितलं तरी डॉक्टरांना पुरतं.

पण बायांनो, एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. प्रिल गोळी चालू आहे म्हणजे प्रत्येक खोकला तिचाच, असं समजायचं नाही. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला की थुंकीची तपासणी करायचीच. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. कफ पडत असेल, थुंकीत रक्त असेल, संध्याकाळी ताप येत असेल, रात्री घाम येत असेल, वजन उतरत असेल, तर टीबीची तपासणी एक दिवसही लांबवू नका. आडवं झाल्यावर धाप लागत असेल, पायावर सूज असेल, चढ चढताना पूर्वीपेक्षा लवकर दम लागत असेल, तर हृदयाचं दुखणं असू शकतं. छातीत सुंई सुंई आवाज येत असेल तर दमा असू शकतो. चुलीच्या धुरानेही खोकला येतो, पण त्यात बहुतेक वेळा कफ असतो. काकूंची थुंकी आधी तपासली गेली हे योग्यच झालं. टीबी नाही हे कळल्यावर पुढचा प्रश्न विचारायचा राहून गेला, तिथे गाडी अडकली.

बाटल्या, ज्येष्ठमध आणि अर्धी गोळी

खोकल्याच्या औषधाने हा खोकला का गेला नाही, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. कफ पातळ करणारं औषध घेतलं, पण कफ मुळात नव्हताच. सर्दीचं औषध घेतलं, पण सर्दी नव्हती. ब्रॅडिकायनिन रोज साठतोच आहे, कारण गोळी रोज पोटात जाते आहे. नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखं ते झालं. काकूंचे तीन बाटल्यांचे पैसे गेले आणि गुंगी आली ती वेगळीच.

शिवाय यात धोकाही आहे. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांत चोंदलेलं नाक मोकळं करणारं द्रव्य असतं. ते रक्तवाहिन्या आवळतं आणि बीपी वाढवतं. म्हणून बीपी असलेल्या बाईने दुकानात नुसतं "खोकल्याचं द्या" म्हणू नये. "मला बीपी आहे" हे आधी सांगावं.

ज्येष्ठमधाचंही तसंच. घसा बसला म्हणून एखाद्या दिवशी तुकडा चघळला तर काही बिघडत नाही. पण रोज, आठवडेच्या आठवडे ज्येष्ठमध घेतलं तर शरीरात मीठ आणि पाणी साठतं, पोटॅशियम घटतं आणि बीपी वाढतं. म्हणजे काकू एका हाताने बीपीची गोळी घेत होत्या आणि दुसऱ्या हाताने बीपी वाढवत होत्या. घरगुती आहे म्हणून निर्धोक आहे असं नसतं.

काही जणी गोळी अर्धी करून घेतात. त्यानेही काम होत नाही. हा खोकला गोळीच्या मात्रेवर फारसा अवलंबून नसतो. कमी मात्रेतही तो राहतो, आणि बीपी मात्र वर जातं. सकाळची गोळी रात्री घेऊनही फरक पडत नाही. एका प्रिलऐवजी दुसरी प्रिल घेतली, म्हणजे रॅमिप्रिल सोडून एनालाप्रिल घेतली, तरी बहुतेक वेळा खोकला तसाच राहतो, कारण कात्री बोथट करण्याचं काम दोघी सारखंच करतात. बदलायची असते ती गोळीची जात.

बंद का नाही करायची?

काकूंनी गोळ्या बंद केल्या तेव्हा त्यांना काहीच झालं नाही असं वाटलं. बीपीचं दुखणं असं फसवं आहे. वाढलेलं बीपी बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही. गोळी बंद केल्यावर काही दिवसांत ते हळूहळू पूर्वीच्या जागी जातं आणि आपल्याला पत्ता लागत नाही. पत्ता लागतो तो एखाद्या सकाळी हात उचलत नाही, तोंड वाकडं होतं, तेव्हा. लकवा मारला की मग ढास आठवत नाही.

दुसरी गोष्ट. प्रिल गोळी काही जणींना नुसत्या बीपीसाठी दिलेली नसते. हार्ट अटॅक येऊन गेलेला असतो, हृदय अशक्त झालेलं असतं, किंवा साखरेच्या आजाराने लघवीतून प्रथिनं जात असतात. तिथे ही गोळी हृदयाला आणि किडनीला सांभाळायचं काम करते. "माझं बीपी आता नॉर्मल आहे, मग गोळी कशाला" असं म्हणून ती सोडली तर ते संरक्षणच जातं. त्या जागी लगेच दुसरी योग्य गोळी यायला हवी, आणि ती कोणती हे डॉक्टरच ठरवू शकतात.

तिसरी गोष्ट. काकूंनी एक नाही, दोन्ही गोळ्या बंद केल्या. खोकल्याशी संबंध होता तो रॅमिप्रिलचा. बिचाऱ्या अॅम्लोडिपिनला उगाच शिक्षा झाली. काही गोळ्या तर अशा आहेत की एकदम सोडल्या तर नाडी धडधडते आणि बीपी उसळी घेतं. नाव 'लोल'ने संपणाऱ्या अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या त्यातल्या. म्हणून कोणती गोळी कशासाठी आहे हे माहीत नसताना सगळ्याच बंद करणं फार धोक्याचं.

आणि चौथी, जी सहसा कोणी सांगत नाही. समजा, तुम्ही गोळी बंद केली आणि डॉक्टरांना सांगितलं नाही. पुढच्या भेटीत बीपी वाढलेलं दिसतं. डॉक्टरांना वाटतं, गोळी कमी पडते आहे. ते मात्रा वाढवतात किंवा अजून एक गोळी जोडतात. मग एखाद्या दिवशी घाबरून तुम्ही सगळ्या गोळ्या एकदम घेता आणि बीपी धाडकन उतरून चक्कर येऊन पडता. सगळ्याचं मूळ काय, तर खोकला झाला हे सांगितलं नाही.

मग काकूंचं पुढे काय झालं?

उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी ताईंनी १७६/१०४ पाहिल्यावर रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, "काकू, उद्या घरात असतील तेवढ्या सगळ्या गोळ्या आणि बाटल्या पिशवीत घालून आणा." पिशवी उघडली. रॅमिप्रिलची पट्टी दिसली. ताईंनी दोनच प्रश्न विचारले : ही कधीपासून, आणि खोकला कधीपासून? मग त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांशी बोलून काकूंना तिकडे पाठवलं.

डॉक्टरांनी छाती तपासली, थुंकीचा आणि फोटोचा रिपोर्ट पाहिला. रॅमिप्रिल बंद करून त्या जागी टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम दिली. अॅम्लोडिपिन आधीसारखीच पुन्हा सुरू केली. या दोन्ही गोळ्या आपल्या सरकारी दवाखान्यांत बहुतेक वेळा मोफत मिळतात.

टेल्मिसार्टन, लोसार्टन या 'सार्टन' जातीच्या गोळ्या. या कात्रीला हातच लावत नाहीत. कात्री आपलं काम करत राहते, ब्रॅडिकायनिन कापला जातो. वाहिन्या आवळणारा पदार्थ तयार होतो, पण तो ज्या कुलपात शिरून वाहिनी आवळतो ते कुलूपच सार्टन गोळी बंद करून ठेवते. त्यामुळे बीपी उतरतं आणि खोकलाही येत नाही. हृदय आणि किडनी सांभाळण्याचं कामही या गोळ्या करतात. म्हणून प्रिलने खोकला झाला की डॉक्टर बहुधा सार्टनकडे वळतात. कोणाला दुसऱ्या जातीची गोळी जास्त योग्य असेल तर ती देतात.

डॉक्टरांनी काकूंना एक गोष्ट आवर्जून सांगितली, "खोकला उद्या जाणार नाही. एक ते चार आठवडे लागतील. कोणाला तीन महिनेही लागतात. धीर धरा." हुळहुळ्या झालेल्या नसा शांत व्हायला वेळ लागतो. काकू स्वतःच्या मनाने दहा दिवस थांबल्या होत्या आणि गोळीचा दोष नाही असं ठरवून मोकळ्या झाल्या होत्या. तिथेच त्यांचा अंदाज चुकला होता.

दोन आठवड्यांनी बीपी १३८/८६. खोकला निम्मा. चौथ्या आठवड्यात रात्रभर झोप लागली. डॉक्टरांनी रक्ताची तपासणीही करून घेतली, कारण गोळीची जात बदलल्यावर किडनी आणि पोटॅशियम ठीक आहे ना, हे पाहून घेतात. खोकला थांबल्यावर लघवी गळायचंही खूप कमी झालं. थोडं राहिलं त्यासाठी नर्सताईंनी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचा व्यायाम शिकवला. आता नातू परत आजीच्या कुशीत झोपतो.

गोळी बदलल्यावर खोकला गेला, तेव्हाच तो गोळीचा होता हे पक्कं झालं. तीन महिने होऊनही गेला नसता, तर दुसरं कारण शोधावं लागलं असतं. त्यामुळे बदलल्यानंतरची भेट चुकवायची नाही.

एका बाबतीत काकूंचं थोडक्यात निभावलं. घरी रॅमिप्रिलची अर्धी पट्टी उरली होती. "पैसे घातलेत, संपवून टाकते" असं म्हणून त्या दोन्ही गोळ्या घेणार होत्या. सुनेने विचारलं म्हणून थांबल्या. प्रिल आणि सार्टन दोन्ही एकत्र घ्यायच्या नसतात. बीपी फार खाली जाऊ शकतं, किडनीवर ताण येतो, पोटॅशियम वाढतं. जुनी पट्टी दवाखान्यात परत द्या किंवा डब्यातून काढून टाका. दुसऱ्या बाईला तर देऊच नका.

लगेच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा, अशी एक वेळ

"मनाने बंद करू नका" या नियमाला एक अपवाद आहे. प्रिल गोळी घेणाऱ्या बाईचे ओठ, जीभ, चेहरा किंवा घसा अचानक सुजला, आवाज बदलला, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर पुढची गोळी घ्यायची नाही. १०८ ला फोन करून ताबडतोब दवाखाना गाठायचा. हेही त्याच साठलेल्या ब्रॅडिकायनिनमुळे होतं. असं फार थोड्या जणींना होतं, पण गोळी वर्षभर सुखाने चालल्यावरही होऊ शकतं आणि जिवावर बेतू शकतं. ज्या बाईला असं एकदा झालं तिने प्रिल गोळी पुन्हा कधीही घ्यायची नाही, आणि प्रत्येक डॉक्टरांना ते आधी सांगायचं.

आणखी एक, आपल्या तरुण सुना-मुलींसाठी. प्रिल आणि सार्टन या दोन्ही जातींच्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, बाळाला इजा होते. पाळी चुकली असेल किंवा मूल हवं असेल तर लगेच डॉक्टरांना सांगा. गरोदरपणात चालणाऱ्या बीपीच्या गोळ्या वेगळ्या असतात, त्या ते बदलून देतात.

पट्टी वाचायची कशी आणि डॉक्टरांशी बोलायचं कसं?

गोळीच्या पट्टीवर मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीने ठेवलेलं नाव. ते पाहू नका. त्याच्या आसपास बारीक अक्षरात खरं औषधाचं नाव असतं. त्या नावाच्या शेवटी पी-आर-आय-एल ही इंग्रजी अक्षरं आहेत का, ते पाहा. असतील तर ती प्रिल गोळी. शेवटी एस-ए-आर-टी-ए-एन असेल तर सार्टन. कधी एकाच गोळीत दोन औषधं मिसळलेली असतात, तेव्हा दोन्ही नावं वाचा. चष्म्याविना दिसत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला बोलवा, तिला दोन मिनिटांत जमतं.

दवाखान्यात गर्दी असते, डॉक्टरांना वेळ कमी असतो. त्यामुळे काय बोलायचं ते घरीच ठरवून जा. असं म्हणता येईल : "डॉक्टर, ही गोळी मला संक्रांतीला सुरू झाली. होळीपासून कोरडा खोकला आहे. कफ नाही, ताप नाही. थुंकी तपासली आहे, हा रिपोर्ट. गोळी मी बंद केलेली नाही. खोकला या गोळीचा असेल का? असेल तर बदलून द्याल का?" शेवटची दोन वाक्यं सगळ्यात मोलाची. आणि मधे गोळी बंद केली असेल तर तेही खरं सांगा. आणि खोकल्याने लघवी गळत असेल, अंग खाली येत असेल, तर लाजू नका. नर्सताईंना किंवा आशाताईंना सांगा, त्या पुढे सांगतील.

खोकला अगदी थोडा असेल, झोपमोड होत नसेल, तर काही जणी तीच गोळी चालू ठेवतात आणि एखादीचा खोकला आपोआप कमीही होतो. तेही चालतं. पण तो निर्णय डॉक्टरांशी बोलून झालेला असावा.

पुढच्या बैठकीत करायचं काम

बीपीची गोळी घेणाऱ्या प्रत्येक ताईने आपली पट्टी घेऊन यावं. सगळ्यांनी मिळून बारीक अक्षरातलं नाव वाचावं आणि आपल्या बीपीच्या कार्डावर लिहून घ्यावं. मग या तीन प्रश्नांवर बोलावं :

१. आपल्यात कोणाची गोळी प्रिल आहे, आणि तिला कोरडा खोकला आहे का? असेल तर थुंकी तपासली का?

२. कोणी गोळी मनाने बंद किंवा अर्धी केली आहे का? तिच्याबरोबर दवाखान्यात कोण जाईल?

३. खोकल्यामुळे किंवा आणखी कशामुळे कोणी बैठकीला यायचं सोडलं आहे का? तिच्या घरी कोण जाऊन येईल?

तिसरा प्रश्न काकूंनी सुचवला आहे. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे कोणी महिनाभर आधी आलं असतं, तर तीन बाटल्या वाचल्या असत्या."